करासहित रकमेतून जीएसटी वेगळा काढणे आणि मूळ किमतीवर जीएसटी लावणे

प्रश्न : माझे साताऱ्यात तयार कपड्यांचे दुकान आहे. स्टिकरवरच्या किमतीत जीएसटी धरलेलाच असतो. १,०५० रुपयांच्या शर्टवर मी ५ टक्क्यांनी ५२.५० रुपये कर वेगळा काढतो, पण बिलिंगचे सॉफ्टवेअर ५० च दाखवते. दिवसाच्या गल्ल्यावर तर फरक चारशेच्या पुढे जातो. चुकतेय कोण? आणि १८ टक्क्यांच्या कपड्यांना हाच हिशोब लावायचा का?

उत्तर : सॉफ्टवेअर बरोबर आहे. आपला गुणाकार चुकलेला नाही, फक्त तो चुकीच्या रकमेवर झाला आहे. जीएसटीचा दर नेहमी कर सोडून उरणाऱ्या मूल्यावर, म्हणजे करपात्र मूल्यावर ठरलेला असतो. शर्टची मूळ किंमत १,००० असेल तर तिच्यावर ५ टक्क्यांनी ५० रुपये कर होतो आणि गिऱ्हाईक १,०५० देते. आता हेच १,०५० हातात घेऊन त्यांचे ५ टक्के काढले, तर १,००० रुपयांवरचे ५० रुपये येतातच, शिवाय त्या ५० रुपयांच्या करावरही ५ टक्के, म्हणजे अडीच रुपये येतात. आपला जादा अडीच रुपयांचा आकडा म्हणजे नेमका हा करावरचा कर आहे. १८ टक्क्यांच्या मालाला हाच प्रकार फार जड जातो, कारण तिथे १,००० वर १८० रुपये कर होतो आणि १,१८० चे १८ टक्के काढले की २१२.४० येतात. जादाचे ३२.४० रुपये म्हणजे १८० चे १८ टक्के होत.

कोणताही हिशोब बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा एकच खात्रीचा ताळा मी दुकानदारांना शिकवतो. कर वेगळा काढल्यावर जी मूळ रक्कम उरते, तिच्यावर पुन्हा तोच दर लावावा आणि बेरीज करावी. बेरीज मूळच्या रकमेवर परत आली पाहिजे. आपल्या पद्धतीने १,०५० मधून ५२.५० वजा केले की ९९७.५० उरतात. त्यांच्यावर ५ टक्क्यांनी ४९.८८ होतात आणि बेरीज १,०४७.३८ येते. गिऱ्हाइकाने मात्र १,०५० दिले होते. म्हणजे अडीच रुपयांहून थोडे अधिक पैसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. सॉफ्टवेअरच्या पद्धतीने १,००० आणि ५० मिळून बरोबर १,०५० होतात.

कर लावताना आपण मूळ किंमत १०० धरतो आणि बेरीज १०५ होते. कर काढताना हातात असते ती १०५ ही बेरीज, आणि तिच्यातले ५ भाग कराचे असतात. म्हणून करासहित रकमेला ५ ने गुणून १०५ ने भागावे. १८ टक्क्यांच्या मालाला १८ ने गुणून ११८ ने भागावे. केंद्रीय जीएसटी नियमावली, २०१७ मधील नियम ३५ मध्ये हेच सूत्र दिलेले आहे, त्यामुळे ही केवळ हिशोबनिसांची सोय नाही. तोंडी हिशोब करणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट सांगतो. ५ भागिले १०५ म्हणजे एकविसावा हिस्सा, तेव्हा ५ टक्क्यांच्या मालाच्या करासहित रकमेला सरळ २१ ने भागले की कर मिळतो. १८ टक्क्यांना इतका सुटसुटीत आकडा नाही. तिथे रकमेला १.१८ ने भागून आधी मूळ किंमत काढावी आणि मग वजाबाकी करावी, हे बरे. रकमेच्या टक्केवारीत सांगायचे तर ५ टक्क्यांचा कर करासहित रकमेच्या सुमारे ४.७६ टक्के असतो आणि १८ टक्क्यांचा सुमारे १५.२५ टक्के. मात्र हे दशांश लक्षात ठेवून त्यांनी गुणण्यापेक्षा भागाकारच करावा, कारण मोठ्या रकमेत दोन दशांशांपर्यंत तोडलेली टक्केवारी रुपयांचा फरक पाडते.

त्याच नियमातील आणखी एक बारकावा इथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर अडखळणारे लोक मला वारंवार भेटतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की कराचे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन समान भाग होतात. १८ टक्क्यांच्या मालावर प्रत्येकी ९ टक्के लागतात. सीजीएसटी काढताना काही जण रकमेला ९ ने गुणून १०९ ने भागतात आणि मग एसजीएसटीही तसाच काढतात. १,१८० वर असे केले तर प्रत्येकी ९७.४३ येतात, जे ९० यायला हवेत. भागाकारात दोन्ही करांच्या दरांची बेरीज शंभरात मिळवायची असते, म्हणून सीजीएसटीसुद्धा ९ गुणिले रक्कम भागिले ११८ असाच निघतो. आपल्या ५ टक्क्यांच्या मालाला तो २.५ भागिले १०५ असा होईल.

आता आपल्या गल्ल्याकडे वळू. आपण आकडे दिलेले नाहीत, म्हणून समजण्यापुरते मी धरतो. समजा एका दिवसाची विक्री ४८,५५० रुपये झाली, त्यांपैकी ३६,७५० रुपये ५ टक्क्यांच्या कपड्यांचे आणि ११,८०० रुपये १८ टक्क्यांच्या कपड्यांचे. पहिल्या रकमेला २१ ने भागले की कर १,७५० आणि करपात्र मूल्य ३५,००० मिळते. दुसऱ्या रकमेला १.१८ ने भागले की करपात्र मूल्य १०,००० आणि कर १,८०० मिळतो. एकूण कर ३,५५० रुपये. आपल्या पद्धतीने पहिल्या भागाचे १,८३७.५० आणि दुसऱ्याचे २,१२४ मिळून ३,९६१.५० होतील, म्हणजे एकाच दिवसात ४११.५० रुपये जास्त. आपण सांगितलेला चारशेच्या पुढचा फरक असाच तयार होत असावा, आणि त्यातला मोठा वाटा १८ टक्क्यांच्या थोड्याशाच मालाचा असतो, हे या आकड्यांवरून दिसेल. गल्ला दरांप्रमाणे वेगळा केल्याशिवाय कर काढता येत नाही, हेही यातूनच निघते. ४८,५५० या एकत्र रकमेला लावता येईल असा कोणताही एक भागाकार नाही, कारण दोन दरांच्या मालाचे प्रमाण रोज बदलते.

मागील महिन्यांत हिशोब कसा झाला आहे हे तपासायचे असेल, तर जुनी बिले चाळत बसू नका. प्रत्येक दराच्या मालाचा भरलेला कर वेगळा घ्या, त्याला त्याच मालाच्या दाखवलेल्या करपात्र मूल्याने भागा आणि शंभराने गुणा. उत्तर ५ किंवा १८ आले, तर ठीक. ५.२६ च्या आसपास आले, तर करासहित रकमेवर ५ टक्के काढले गेले आहेत; २१.९५ आले, तर तीच गोष्ट १८ टक्क्यांच्या बाबतीत झाली आहे. रिटर्नमध्ये करपात्र मूल्य आणि दर भरला की पोर्टल कराचा आकडा आपोआप दाखवते, त्यामुळे आपण वहीत १,८३७.५० लिहिले असतील आणि करपात्र मूल्य म्हणून ३४,९१२.५० भरले असेल, तर पोर्टल १,७४५.६३ दाखवेल. वही आणि पोर्टल जुळत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सगळ्यांत आधी हाच भागाकार करायला सांगतो.

जास्तीचे भरलेले परत मिळेल का, हे मात्र बिलावर काय छापले होते त्यावर अवलंबून आहे. बिलात कर ५० रुपयेच दाखवला असेल आणि जादा रक्कम फक्त रिटर्नमध्ये गेली असेल, तर ती रिटर्नमधली चूक ठरते. अशी दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर करता येते. बिलातच कर म्हणून ५२.५० लिहिले असतील, तर परिस्थिती वेगळी होते. गिऱ्हाइकाकडून कर म्हणून जे घेतले ते सरकारजमा करावेच लागते, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ७६ सांगते, आणि ते स्वतःकडे परत मागायचे तर त्याचा बोजा गिऱ्हाइकावर गेलेला नव्हता हे दाखवावे लागते. किरकोळ दुकानाला ते जवळपास अशक्य असते. आपले सॉफ्टवेअर ५० दाखवते असे आपण म्हणता, तेव्हा बिले बहुधा ठीक असावीत आणि प्रश्न वहीपुरता किंवा रिटर्नपुरता असावा.

हा उलटा भागाकार कधी करायचाच नाही, हेही पाहिले पाहिजे. तो लागू पडतो ते ठरलेल्या किमतीत कर धरलेला असेल तेव्हाच. पॅकबंद वस्तूवरील छापील किरकोळ किंमत सर्व करांसहित असते, तिथे संशय नाही. आपले स्टिकरही करासहित आहेत. पण आपण माल भरता तिथे घाऊक व्यापारी बहुधा भाव सांगतो आणि ‘जीएसटी वेगळा’ असे म्हणतो. तिथे कर वरून लागतो. एखाद्या शाळेच्या गणवेशाची किंवा कंपनीच्या टी-शर्टची ऑर्डर आपण घेतली, भाव करासहित की करावाचून हे पत्रात लिहिले नाही, आणि समोरच्याने ठरलेल्या रकमेपेक्षा एक पैसाही जास्त देण्यास नकार दिला, तर कर आपल्याच खिशातून जातो. एक लाखाच्या ऑर्डरवर ५ टक्क्यांनी तो ४,७६१.९० रुपये होतो, म्हणजे आपल्या हातात ९५,२३८.१० उरतात. अशा कोटेशनवर मी ‘वरील दर जीएसटी वगळून आहेत, कर नियमाप्रमाणे वेगळा आकारला जाईल’ हे वाक्य घालायला लावतो, आणि ते छोट्या अक्षरांत नव्हे तर रकमेच्या खालीच.

दुसरा अपवाद कंपोझिशन योजनेचा आहे. आपण त्या योजनेत असता, तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच आला नसता आणि बिलात तो दाखवताही आला नसता. व्यापाऱ्याला तिथे करपात्र मालाच्या उलाढालीवर १ टक्का भरावा लागतो. तो स्वतःच्या खिशातून जातो आणि त्यासाठी रकमेला १०१ ने भागायचे नसते. सॉफ्टवेअर आपल्याला ५ टक्के कर वेगळा दाखवत आहे, त्यावरून आपण नियमित नोंदणीत आहात असे मी धरतो.

नफ्याचा हिशोबही इथेच बिघडतो, म्हणून दोन वाक्ये त्याबद्दल. शर्ट ७०० अधिक ३५ रुपये कर असा ७३५ ला पडला आणि १,०५० ला विकला, तर नफा ३१५ वाटतो. खरा नफा ३०० आहे, कारण खरेदीवरच्या ३५ रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते, विक्रीवरचे ५० रुपये कर म्हणून जातात आणि उरलेले १५ रुपये रोखीने सरकारला भरायचे असतात. खरेदी आणि विक्री दोन्हीकडे करावाचूनचे आकडे लिहिले की हा घोळ होत नाही.

पैशांचा फरक हा छोटा विषय आहे, पण सॉफ्टवेअरवर संशय येण्याचे तेच एक मोठे कारण असते. ९९९ रुपयांचा कुर्ता घ्या. मूळ किंमत ९५१.४३ येते, तिच्यावर २.५ टक्क्यांनी सीजीएसटी २३.७९ आणि एसजीएसटी २३.७९, आणि तिघांची बेरीज ९९९.०१. एक पैसा कुठून आला, असा प्रश्न पडतो. तो दोन्ही कर वेगवेगळे पूर्णांकित केल्यामुळे आला. क्रम बदलला की तो जातो. आधी दोन्ही कर काढावेत आणि करपात्र मूल्य वजाबाकीने घ्यावे. मग ते ९५१.४२ येते आणि बेरीज बरोबर ९९९ होते. आपण एक्सेलमध्ये रोजची विक्री लिहीत असाल, तर A2 मध्ये करासहित रक्कम ठेवून ५ टक्क्यांसाठी पुढील सूत्रे B2, C2 आणि D2 मध्ये अनुक्रमे घालावीत.

```
=ROUND(A2*2.5/105,2)
=B2
=A2-B2-C2
```

यात B2 सीजीएसटी, C2 एसजीएसटी आणि D2 करपात्र मूल्य होय. १८ टक्क्यांच्या मालासाठी 2.5/105 च्या जागी 9/118 लिहावे. दर बिलाचे कर वेगळे पूर्णांकित करून त्यांची बेरीज केली आणि दिवसाच्या एकूण रकमेवर एकदाच कर काढला, तर दोन्हींत काही पैशांचा फरक राहतोच. तो शोधत बसण्यात अर्थ नाही. फक्त रिटर्नसाठी नेहमी बिलांची बेरीजच घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे एकच आकडा राहतो.

आता आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो, आणि माझ्या मते कपड्यांच्या दुकानदाराने सर्वांत काळजीपूर्वक पाहावे असे ठिकाण तेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या विक्रीमूल्यावर ५ टक्के आणि त्यावरील विक्रीमूल्यावर १८ टक्के कर लागतो. ही मर्यादा नगाची आहे, बिलाची नाही. दीड-दीड हजाराचे दोन कुर्ते एका बिलात आले म्हणून ते १८ टक्क्यांत जात नाहीत. आणि ही मर्यादा करावाचूनच्या मूल्याला लागते. आपल्या स्टिकरवर मात्र करासहित किंमत असते. त्यामुळे दर ठरवण्यासाठी आधी कर काढावा लागतो आणि कर काढण्यासाठी आधी दर माहीत असावा लागतो, असा पेच उभा राहतो.

कर लावण्याच्या दिशेने गेले की चित्र स्वच्छ दिसते. मूळ किंमत २,५०० असेल तर ५ टक्के लागून गिऱ्हाइकाची किंमत २,६२५ होते. मूळ किंमत २,५०१ केली की १८ टक्के लागतात आणि किंमत एकदम २,९५१.१८ होते. म्हणजे २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत अशी कोणतीही करासहित किंमत नाही, जी नियमाप्रमाणे कर लावून तयार होऊ शकेल. जी रक्कम कर लावून तयारच होत नाही, तिच्यातून नियमाला धरून कर वेगळा काढणेही शक्य होत नाही. २,७९९ रुपयांचे स्टिकर घेऊन पाहा. ५ टक्क्यांनी मूळ किंमत २,६६५.७१ येते, जी २,५०० च्या वर आहे, म्हणून ५ टक्के लागू शकत नाहीत. १८ टक्क्यांनी मूळ किंमत २,३७२.०३ येते, जी २,५०० च्या आत आहे, म्हणून १८ टक्केही लागू शकत नाहीत. यंत्र यात अडकत नाही. मालाच्या नोंदीत जो दर टाकला असेल तो ते निमूटपणे लावते आणि बिल छापते. ताळाही जुळतो, कारण २,३७२.०३ आणि ४२६.९७ मिळून २,७९९ होतातच. वर सांगितलेला ताळा इथे चूक पकडू शकत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. इथे दुसरा ताळा करावा लागतो : काढलेली मूळ किंमत, लावलेल्या दराच्या मर्यादेत बसते का?

२,६९९, २,७९९ आणि २,८९९ ही कपड्यांच्या बाजारातली अगदी नेहमीची स्टिकरे आहेत आणि तिन्ही या पोकळीत पडतात. त्यांना मी दोनच रस्ते सुचवतो. एक तर किंमत २,६२५ किंवा त्याखाली आणावी, नाहीतर सरळ २,९९९ करावी. २,९९९ मधून १८ टक्क्यांनी मूळ किंमत २,५४१.५३ येते आणि ती मर्यादेच्या वर असल्यामुळे दर पक्का ठरतो. काही जण म्हणतात की २,७९९ वर १८ टक्के भरून मोकळे व्हावे, म्हणजे खात्याची कटकट नको. तसे केल्यास आपल्या हातात २,३७२.०३ उरतात. तोच कपडा १७४ रुपयांनी स्वस्त करून २,६२५ ला विकला, तर ५ टक्के कर १२५ जाऊन २,५०० उरतात. गिऱ्हाईक १७४ रुपये कमी देते आणि आपल्याला जवळपास १२८ रुपये जास्त मिळतात. जास्त कर भरून जास्त सुरक्षित राहण्याचा हा मार्ग दुकानाला परवडणारा नाही आणि नियमात बसणाराही नाही.

सवलतीच्या दिवसांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बिलात दाखवलेली सवलत कलम १५ प्रमाणे विक्रीमूल्यातून वजा होते, म्हणून दर सवलतीनंतरच्या किमतीवरून ठरतो. २,९९९ चा कुर्ता १० टक्के सवलतीत २,६९९.१० होतो आणि पुन्हा पोकळीत जातो : एका दराने मूळ किंमत २,५७०.५७, दुसऱ्याने २,२८७.३७. १५ टक्के सवलत दिली तर किंमत २,५४९.१५ होते, ५ टक्क्यांनी मूळ किंमत २,४२७.७६ येते आणि काहीच अडत नाही. मी तर दुकानदारांना असे सांगतो की २,९९९ च्या मालावर टक्केवारीची पाटी लावण्याऐवजी ‘३७५ रुपये सूट’ अशी लावा. किंमत २,६२४ होते, कर १२४.९५ आणि मूळ किंमत २,४९९.०५. सूट न देता हाच नग विकला असता तर हातात २,५४१.५३ आले असते. म्हणजे गिऱ्हाइकाला ३७५ रुपयांची सूट दिसते आणि दुकानाला ती ४२.४८ रुपयांना पडते. बाकीचा सगळा फरक कराचा दर उतरल्यामुळे भरून निघतो.

सवलतीबाबत एक छोटी गोष्ट राहिली. दर बदलत नसेल तर टक्क्यांची सवलत करासहित किमतीवर दिली काय किंवा मूळ किमतीवर दिली काय, उत्तर एकच येते. रुपयांतील ठोक सवलत मात्र तशी नसते. ५ टक्क्यांच्या मालावर करासहित किमतीतून १०० रुपये सोडले, तर आपले प्रत्यक्षात ९५.२४ रुपये कमी होतात. मूळ किमतीतून १०० सोडले तर गिऱ्हाइकाचे १०५ वाचतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सवलतीचा रकाना करापूर्वीचा आहे की करानंतरचा, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे, कारण स्टिकर करासहित आणि सवलत करापूर्वीची असे असले की गिऱ्हाइकाला पाटीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त सूट जाते आणि दिवसाच्या शेवटी गल्ला कमी भरतो.

दुकानातल्या सध्याच्या मालाबाबत आज करण्यासारखे काम एवढेच आहे की, सॉफ्टवेअरमधून २,६२६ ते २,९५० या दरम्यानच्या विक्रीच्या किमतींची यादी काढावी. कंपनीने छापलेली किरकोळ किंमत आपल्याला वाढवता येणार नाही, कमी घेता येते. त्यामुळे २,७९९ छापलेल्या नगावर बिलात १७४ रुपये सूट दाखवून २,६२५ ला विकावा आणि त्या नगाच्या नोंदीत दर ५ टक्के करावा. आपण स्वतः स्टिकर लावत असाल, तर नवीन माल भरताना मूळ किंमत आधी ठरवून तिच्यावर कर लावावा आणि मगच स्टिकर छापावे.